जोडीदाराचा नुसता ‘आपल्याला बोलायचं आहे’ असा मेसेज आला, तर शांतपणे उत्तर काय द्यावं?

धुऱ्यावरून (दुपारी २:१०)

दारव्हा तालुक्यातून लिहितोय. बायको आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, दुसऱ्या तालुक्यात. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं येते, सोमवारी पहाटे परत जाते. मुलगी पाच वर्षांची, इथे माझ्या आईजवळ असते.

मघाशी तिचा मेसेज आला : “आपल्याला बोलायचं आहे.” बस एवढंच. कशाबद्दल, कधी, काही नाही. आज तिच्याकडे लसीकरणाचं सत्र आहे, त्यामुळे ती फोन उचलणार नाही. माझ्याकडे वेचणीला बाया लागल्या आहेत. संध्याकाळी कापसाचा काटा झाल्याशिवाय मीही मोकळा होत नाही.

आमचं भांडण झालेलं नाही, तरी मेसेज वाचल्यापासून छातीत धडधड सुरू आहे. मला तिला असं उत्तर द्यायचं आहे की तिला वाटावं, याला सांगता येईल. नेमके शब्द काय लिहावे? आणि संध्याकाळपर्यंत डोकं कसं ठिकाणावर ठेवावं? मी ते तीन शब्द उघडून उघडून पाहतोय.

बाल्या_बोरगाव

अरे भाऊ, लिहीत काय बसला? फोन लाव नं सरळ. लिहिल्यानं आवाज समजत नाई मानसाचा. माह्या घरची असा मेसेज टाकते त मी वखर उभा करतो अन् पह्यले फोन लावतो. दोन मिनिटात निकाल.

पुसदकर_काकू

बाल्या, फोनवर आवाज कळतो हे तुझं खरं. पण ती सत्रावर आहे ना बापा. समोर बाया लेकरं घेऊन बसलेल्या, हातात सिरिंज, आणि खिशात फोन वाजतोय वाजतोय. एकदा उचलला नाही की हा दुसऱ्यांदा लावणार, मग तिसऱ्यांदा. संध्याकाळी तिनं पाहिलं की तिलाच धसका, घरी काही झालं की काय म्हणून.

निळी_टिक_नको

सोपा उपाय. व्हॉट्सअ‍ॅपची निळी टिक बंद करा. वाचलं की नाही हे तिला कळणारच नाही. रात्री निवांत उत्तर द्या.

आर्णी_मोबाईल

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून सांगतो. ते बंद केलं तर तिनं तुमचं वाचलं की नाही हेही तुम्हाला दिसत नाही. ग्रुपमधल्या टिका आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण तरीही दिसतेच. शिवाय तिनं आधीच निळ्या टिका पाहिल्या असतील. वाचून दोन तास झाले आणि उत्तर नाही, एवढं दिसलं की समोरच्याच्या मनात काय काय येतं ते मी दुकानात रोज ऐकतो.

ठोक्याचं_वावर

मलाही आला होता असाच मेसेज, जोडीदाराकडूनच. दोघांनी मिळून वावर ठोक्यानं केलं होतं. मी म्हटलं, आता हिशेब मागणार, म्हणून बियाणं, खत, फवारणी, सगळ्या पावत्या काढून बसलो. भेटल्यावर कळलं, त्याला पुढच्या वर्षी तूर जास्त लावायची होती. पावत्या सगळ्या नीट लावून ठेवा, एवढं सांगतो.

पुसदकर_काकू

दादा, इथे नवरा-बायकोचं सुरू आहे. पण पावत्या काढून बसणं मात्र अगदी हेच. कोणी काही विचारलं नाही आणि आपली सफाई तयार.

सुलभा_समुपदेशन

मी तालुक्याच्या ठिकाणी जोडप्यांसोबत समुपदेशनाचं काम करते. काकूंनी धरलं तेच नेमकं दुखणं आहे. असा कोरा मेसेज आला की रिकामी जागा आपण आपल्या भीतीनं भरतो, आणि उत्तर त्या भीतीला देतो. तिनं लिहिलेलं बाजूलाच राहतं.

धुऱ्यावरून, आधी शरीराचं बघा. सावलीत बसा, पाणी प्या. वेचणीच्या कामानंही नाडी वाढलेलीच असते, म्हणून पाच-दहा मिनिटं नुसतं बसून मग मनगटावर बोटं ठेवा. पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी जोडप्यांना समोरासमोर वादाच्या विषयावर बोलायला बसवलं आणि बोलताना त्यांच्या नाडीची नोंद घेतली. बसल्या जागी ठोके शंभरच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, असं ते सांगतात. उतरायला निदान वीस मिनिटं लागतात. पण त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं तर ठोके उतरतच नाहीत. कापूस भरा, गाठोडी बांधा, बायांशी बोला. फोन उघडून तो मेसेज पाहू नका.

मग लिहा. काय लिहिणार ते आधी इथे टाका, तिला पाठवण्याच्या आधी.

धुऱ्यावरून (दुपारी २:५५)

ठोके शहाण्णव आले. हे लिहिलंय :

“काय झालं गं? माझं काही चुकलं का? आई काही बोलली का तुला? मागच्या रविवारी मी वावरात गेलो होतो त्याचं वाईट वाटलं असेल तर खरंच ओलिताची पाळी होती, लाइन दिवसाचीच होती त्या आठवड्यात. मी फोन करू का? तू ठीक आहेस ना? लवकर सांग, मला काही सुचत नाही आहे.”

सुलभा_समुपदेशन

छान मनानं लिहिलंय, पण पाठवू नका. का ते सांगते.

यात पाच प्रश्न आहेत. ती दोन लेकरांच्या मध्ये फोन बघेल, पाचांची उत्तरं देता येणार नाहीत, म्हणून एकाचंही देणार नाही. मग तिची शांतता तुम्हाला आणखी खाईल. दुसरं, तिनं रविवारचं नावही काढलेलं नाही आणि तुम्ही ओलिताची सफाई दिली. तिला बोलायचं असेल भलतंच, पण आता रविवारचंही बोलावं लागेल. आईचं नाव तुम्हीच काढलं, म्हणजे एक तिसरं माणूस आत आणलं. आणि “मला काही सुचत नाही” वाचलं की तिला तिचं सांगणं सोडून तुम्हाला सांभाळत बसावं लागतं.

उत्तरात तीनच गोष्टी ठेवा. मेसेज मिळाला, बोलू. कधी बोलू, त्याची वेळ. आणि एकच प्रश्न, ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं देता येईल. असं काहीतरी :

“वाचला तुझा मेसेज. हो, बोलू. काटा झाला की साडेसातपर्यंत घरी येतो, साडेआठला फोन करतो, तेव्हा निवांत असेन. तू बरी आहेस ना, तेवढं सांग.”

‘बरी आहेस ना’ हे यासाठी की तातडीचं काही असलं, तब्येत, अपघात, कुणाचा त्रास, तर ते आत्ताच कळावं. ती ‘हो’ म्हणाली की बाकीचं साडेआठपर्यंत थांबू शकतं हे तुमच्याही डोक्याला पटतं. तुमच्या भाषेत फिरवून घ्या, माझे शब्द तसेच पाठवले तर ती विचारेल, कुणाकडून लिहून घेतलं.

बाल्या_बोरगाव

ताई, सगळं ठीक हाये, पन विषय काहून नाई इचारायचा? साडेआठपावतर मानूस तळमळत बसन. “कायच्याबद्दल बोलाचं हाये” एवढं त इचारू द्या त्याले.

सुलभा_समुपदेशन

बाल्याभाऊ, यावर आमच्यातही एकमत नाही. बोलणं दोन-चार तासांवर असेल तर मी विचारू नका म्हणते, कारण विषय कळला की माणूस तिथेच टायपिंग सुरू करतो आणि भांडण अंगठ्यानं होतं. बोलणं दोन दिवसांवर असेल, तर नुसतं मथळ्यापुरतं विचारायला हरकत नाही : “घरचं, पैशाचं, की आपल्या दोघांचं?” तिनं नाही सांगितलं तर पुन्हा विचारायचं नाही.

बाल्या_बोरगाव

मले नाई पटत. माह्यावाली त विषय सांगूनच मोकळी होते, मंग दोघंबी शांत. मानसामानसात फरक रायते.

सुलभा_समुपदेशन

तेही खरं. तुमच्याकडे ते चालतं तर बदलू नका.

माहेरवाशीण

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते, कारण असा कोरा मेसेज पाठवणारी मीच आहे.

आमचं गाव वणीकडे. नवरा पुण्याजवळ कंपनीत, मी सासरी. घरात चांगला फोन एकच, तोही दिवसभर सासूबाईंजवळ असतो, कारण त्यावर नातवंडं कार्टून पाहतात आणि नणंदेचे फोन येतात. मी रात्री भांडी घासून झाली की फोन हातात घेते. त्यात मी काय लिहू? “तुमची आई मला माहेरी जाऊ देत नाही” असं लिहिलं तर सकाळी ते कोण वाचेल? पुसून टाकलं तर तिथे मेसेज पुसल्याची खूण राहते, ती दिसली की आणखी प्रश्न. म्हणून मी लिहायची, “बोलायचं आहे.” त्यांना वाटायचं मी धमकी देते. मला वाटायचं, यापेक्षा जास्त लिहायला मला जागाच नाही, हे यांना कसं कळत नाही?

त्यांचं उत्तर यायचं, “आता काय झालं?” ते वाचलं की माझं अर्धं बोलणं तिथेच विरायचं. म्हणजे आधीही मी काहीतरी करून ठेवलंय आणि हे त्यातलं पुढचं.

नंतर एकदा त्यांनी स्वतःहून लिहिलं, “रविवारी दुपारी तू दळण घेऊन गिरणीवर जाशील तेव्हा फोन करतो.” गिरणीवर एवढा आवाज असतो की कुणाला काही ऐकू जात नाही, मी बाहेर ओट्यावर बसून बोलले. त्यांनी ती जागा कशी शोधली मला माहीत नाही, पण मी मनातलं सगळं सांगितलं. म्हणून धुऱ्यावरून दादा, वेळ ठरवताना तिला बोलता येईल अशी जागा कोणती, तेही बघा. साडेआठला तिच्या खोलीवर आणखी कोणी असतं का?

धुऱ्यावरून (दुपारी ३:४०)

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्यासोबत दुसऱ्या गावची एक नर्स राहते, पण आठला ती घरी फोन करायला बाहेर अंगणात बसते. माझ्याकडेच अडचण आहे, आई आणि मुलगी. मी वावरातच थांबेन, धुऱ्यावर रेंजही चांगली येते.

पाठवलं : “वाचलं गं. हो, बोलू. काटा झाला की वावरातच थांबतो, सव्वाआठला फोन करतो, एकटाच असेन. बरी आहेस ना?”

एकच टिक आहे. तिच्या सत्राच्या गावात रेंज नसते.

पुसदकर_काकू

आता फोन खिशात. एकच टिक म्हणजे मेसेज अजून तिच्यापर्यंत गेलेलाच नाही. त्याच्या खाली दुसरा टाकू नको.

अनामिक_वाशीम

एक विचारू का? सगळ्यांचं चांगल्या घरातलं चाललंय. माझ्याकडे हा मेसेज आला की मला कळतं, आज घरी मार आहे. मी पण शांतच उत्तर देते, “हो, बोलू.” पण ती शांतता नाही, भीती आहे.

सुलभा_समुपदेशन

ताई, तुमच्यासाठी वर लिहिलेलं काहीही लागू नाही. ते दोन माणसं एकमेकांना घाबरत नसतील तिथलं आहे. चांगलं उत्तर लिहिलं तर मार टळेल, ही जबाबदारी तुमची नाहीच. त्या दिवशी घरी एकटं सापडू नका. शेजारची, माहेरची, आशाताई, कुणीतरी सोबत असू द्या. महिलांसाठी १८१ आहे, चोवीस तास, फुकट. जीवावर बेतलं तर ११२. फोनमध्ये नंबर ठेवायची भीती असेल तर पाठ करा. मला इथे खाजगीत लिहा, पण तुमचा फोन कोणी पाहत असेल तर लिहून झालं की बाहेर पडा आणि इतिहास पुसा.

माहेरवाशीण

अनामिक ताई, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. मीही आहे इथे.

धुऱ्यावरून (संध्याकाळी ६:२०)

तिचं उत्तर आलं. “हो बरी आहे. सव्वाआठ चालेल. घाबरू नका, पण महत्त्वाचं आहे.”

आता ‘महत्त्वाचं’ डोक्यात फिरतंय. फोनवर सुरुवात कशी करू?

सुलभा_समुपदेशन

सुरुवात तुम्ही करूच नका. “हां बोल, ऐकतोय” आणि थांबा. पहिली दोन-तीन मिनिटं फार महत्त्वाची असतात. गॉटमन यांनी सिबिल कॅरेर यांच्यासोबत 1999 मध्ये नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांवर काम प्रसिद्ध केलं होतं. वादाच्या बोलण्याची पहिली तीन मिनिटं बघूनच, पुढे कोणतं जोडपं वेगळं होईल याचा बराच अंदाज येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे त्या तीन मिनिटांत तुम्ही तिचं बोलणं कापलं नाही तरी पुष्कळ झालं.

तिचं झालं की तिचं म्हणणं तुमच्या शब्दांत एकदा म्हणून दाखवा आणि विचारा, बरोबर समजलो का. ती “नाही, तसं नाही” म्हणाली तर पुन्हा ऐका. आज निर्णय द्यायलाच हवा असं नाही. पण “बघू” म्हणून सोडू नका, पुढे कधी बोलायचं तो दिवस ठरवा.

धुऱ्यावरून (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:०५)

बोललो. तिनं सांगायला परवानगी दिली म्हणून लिहितो.

तिला जूनपासून मुलीला स्वतःजवळ न्यायचं आहे. पहिलीत तिकडच्या शाळेत घालायचं म्हणते. सोमवारी निघताना मुलगी रडली नाही, आजीच्या कडेवरून हात हलवला, हे तिला लागलं. आठवडाभर ती हे मनात घेऊन फिरत होती. सत्रावर एका बाईचं लेकरू सुईला रडून आईला बिलगलं, ते पाहून तिनं तिथल्या तिथे मला मेसेज टाकला आणि पुढचं लिहायच्या आत दुसरं लेकरू समोर आलं. रेंज मिळेल तेव्हा मेसेज गेला. म्हणजे त्या तीन शब्दांच्या पुढे काही नव्हतं त्याचं कारण एवढंच होतं.

ती बोलत असताना दोनदा माझ्या तोंडावर आलं, “मग आईचं काय?” ताईंनी सांगितल्याप्रमाणे थांबलो. ती जवळजवळ दहा मिनिटं बोलली. मग मी म्हटलं, “मुलगी तुला विसरत चालली असं तुला वाटतंय, बरोबर?” त्यावर ती रडली.

ठरलं काहीच नाही. आई तयार होणार नाही, तिचा जीव आहे नातीत. आणि तिच्या ड्यूटीत, रात्री-बेरात्री बाळंतपण आलं तर मुलीला कोण बघणार, हाही प्रश्न आहेच. रविवारी जेवण झाल्यावर दोघंच वावरात जाऊन बोलू, असं ठरवलं. आईशी नंतर, दोघांनी मिळून.

बाल्या_बोरगाव

भाऊ, चांगलं झालं. पन आईले आधी सांग बावा. दोघांनी ठरवून मंग सांगतलं त म्हातारीले वाटते का आपल्याले बाजूले काढलं. माह्या घरी हेच झालं होतं.

पुसदकर_काकू

मी उलट म्हणेन. आधी दोघांचं एक होऊ दे. आईसमोर पहिल्यांदाच विषय निघाला की पोरगा मध्ये अडकतो आणि मग तो दोघींनाही वेगवेगळं सांगतो.

धुऱ्यावरून

दोन्ही पटतंय, तिच्याशीच बोलून ठरवतो. एक गोष्ट मात्र तिला विचारली : पुढे असा मेसेज टाकायचा झाला तर सोबत एक शब्द टाकशील का, ‘घरचं’, ‘पैशाचं’, असा. ती हो म्हणाली, आणि तिनंही एक मागितलं. ती मेसेज टाकेल तेव्हा मी ‘बरं’ एवढंच लिहायचं नाही, वेळ लिहायची.

माहेरवाशीण

हे आम्हालाही जमेल. ‘दळण’ लिहिलं की त्यांनी समजायचं, गिरणीवर बोलायचं आहे. सासूबाईंनी वाचलं तरी दळणच.

निळी_टिक_नको

माझा प्रश्न राहिला. हाच मेसेज रात्री साडेअकराला आला तर? माझ्याकडे नेहमी रात्रीच येतो. ती नागपूरला हॉस्टेलवर, मी इकडे. झोपलो तर ती चिडते, बोललो तर दोन वाजतात आणि दोघंही रडतो.

सुलभा_समुपदेशन

रात्री उशिरा दोघंही थकलेले असतात, तेव्हा साधं वाक्यही टोचतं. असं लिहून बघा : “वाचलं. बोलायचं आहे मलाही. आत्ता दहा मिनिटं फोन करतो, तू सांग, मी फक्त ऐकतो. त्यावर बोलणं उद्या सातला.” आणि दहा मिनिटांनी खरंच थांबायचं. मात्र सातला फोन तुमच्याकडूनच गेला पाहिजे. तो एकदा चुकला की पुढच्या वेळी ती ‘उद्या’वर विश्वास ठेवणार नाही. जगणं नकोसं झालंय असं काही तिच्या बोलण्यात आलं, तर मात्र दहा मिनिटं विसरा, बोलत राहा, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला उठवा, आणि टेलिमानसच्या १४४१६ वर फोन लावा.

निळी_टिक_नको

तसं नाही काही, नुसता अभ्यासाचा ताण असतो. पण सातला मी दूध घालायला डेअरीवर असतो. साडेआठ लिहितो.